म्हापशाच्या बाजारात माझा स्वतःचा क्यूआर लागेपर्यंतचे सात आठवडे

मी डिचोली तालुक्यातली. घरी मसाला, पापड, लोणची करते, मे महिन्यात सोलं वाळवते आणि दर शुक्रवारी पहाटेची बस पकडून म्हापशाच्या बाजारात बसते. बसते म्हणजे खरंच बसते, दुकान नाही, गाळा नाही, वर निळी ताडपत्री, खाली पोतं, पुढे बरण्या आणि पाकिटं. सोपोवाला, म्हणजे बाजारात बसायचा कर गोळा करणारा, येतो, पैसे घेतो, पावती फाडून देतो, तेवढाच काय तो त्या जागेशी माझा कागदोपत्री संबंध. ह्याच पावतीनं पुढे मला किती फिरवलं ते सांगतेच.

आधी माझ्याकडे क्यूआर नव्हता असं नाही. मुलानं त्याच्या मोबाईलमधला क्यूआर प्रिंट करून, लॅमिनेट करून दिला होता. दोन वर्षं तोच चालला. पैसे त्याच्या खात्यात जायचे, तो वेर्ण्याला कामाला, आणि मी इकडे गिऱ्हाईक उभं करून त्याला फोन लावायची, "आले काय रे एकशे ऐंशी?" तो कधी मशीनवर असायचा, फोन उचलायचा नाही. मग गिऱ्हाईक मोबाईलचा स्क्रीन माझ्या नाकासमोर धरायचं, हिरवी टिक दिसायची, मी म्हणायची जावा. महिन्याच्या शेवटी हिशेब लागायचा नाही, त्याच्या पगारातले किती आणि माझ्या पापडाचे किती ह्यावरनं घरात दोनदा आवाज चढले.

७ फेब्रुवारी २०२५चा शुक्रवार. कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलं, साडेअकराशेचा माल काढला, मसाला, सोलं, हरमलची मिरची. त्या माणसानं स्कॅन केलं, पेमेंट होईना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो म्हणाला, मावशी हा पर्सनल क्यूआर आहे, माझं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय, ते ह्याच्यावर चालत नाही, दुकानाचा क्यूआर नाही का? कॅश त्याच्याकडे चारशेच होती. चारशेचा माल घेऊन गेले, बाकीचं परत बरण्यांत. मला तोवर क्यूआर म्हणजे क्यूआर एवढंच माहीत. नंतर कळलं की रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर चालतं पण ते फक्त व्यापारी क्यूआरवर, माणसानं माणसाला पैसे पाठवायला नाही.

त्या रात्री मुलानं एक गंमत दाखवली ती आधी सांगते, कारण तुमच्याकडचा क्यूआर कुठला ते ह्यावरनं कळतं. पेमेंटचं अ‍ॅप न वापरता साध्या स्कॅनरनं क्यूआर वाचला की आतला मजकूर दिसतो. व्यापारी क्यूआरमध्ये साधारण असा असतो:

```
upi://pay?pa=...&pn=...&mc=5411
```

ह्यातलं pa म्हणजे पैसे जायचा पत्ता, pn म्हणजे नाव, आणि mc म्हणजे धंद्याचा चार आकडी कोड. 5411 हा किराण्याचा. मुलाच्या क्यूआरमध्ये mc नव्हतंच, काहींच्यात 0000 असतं. म्हणजे बँकेच्या दृष्टीनं तो धंदा नाहीच, आई मुलाला पैसे पाठवते तसा प्रकार.

माझ्या शेजारी मोयऱ्याची केळी घेऊन बसते ती बाय म्हणाली, अगो मी वीस मिनिटांत केला, पोरगा आला, आधार पॅन बघितलं, फोटो काढला, स्टिकर चिकटवला, झालं. वीस मिनिटं! मी मनात म्हटलं पुढच्या शुक्रवारी माझाही होतो. मला सात आठवडे लागले. तिचं लग्न झालेलं नाही, हा फरक तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही.

सोमवारी १० तारखेला आधी माझ्या बँकेत गेले. बचत खातं आहे, बारा वर्षं जुनं. काउंटरवरच्या मॅडमनी नीट सांगितलं, उगाच खोटं कशाला बोलू. म्हणाल्या तुमच्या एवढ्या धंद्याला करंट अकाउंट नको, बचत खात्यावर क्यूआर होतो, जीएसटी नंबर नसला तरी चालेल, ती जागा रिकामी सोडायची. पण आधार, पॅन, पासबुक किंवा कॅन्सल केलेला चेक, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आणि धंद्याचा एखादा पुरावा, एवढं लागेल. धंद्याचा पुरावा म्हणून मी पर्समधनं सोपोच्या पावत्या काढल्या, रबर लावलेला गठ्ठा, दोन वर्षांच्या. त्या हसल्या. म्हणाल्या ताई ह्याच्यावर तुमचं नाव कुठाय? खरंच नव्हतं. तारीख, रक्कम आणि शिक्का. एवढे पैसे भरले आणि कागदावर मी नाहीच.

मग काय चालतं विचारलं तर म्हणाल्या उद्यम नोंदणी किंवा फूड लायसन. फूडचं माझ्याकडे होतं, बचत गटानं सगळ्यांचं एकदम करून घेतलं होतं. ते खरं तर लायसन नाही, रजिस्ट्रेशन असतं, तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेच पुरायचं. त्याच्यावर माझं नाव आहे, पत्ता मात्र घरचा. चालेल म्हणाल्या. पण शाखेतनं क्यूआर यायला वेळ लागेल, वरून येतो, त्यापेक्षा एखाद्या अ‍ॅपचा घेतला तर माणूस जागेवर येतो, पैसे शेवटी आमच्याच खात्यात येतील. मी अ‍ॅपचा घ्यायचं ठरवलं. कुठल्या अ‍ॅपचा ते लिहीत नाही, विचारू नका, पुढे जे रडगाणं आहे ते कुठल्याही अ‍ॅपला तेच झालं असतं.

११ तारखेला रात्री मुलगा आणि मी बसलो. अ‍ॅप टाकलं, मोबाईल नंबर, ओटीपी, धंद्याचा प्रकार, पॅन नंबर. नंतर बँक खातं आणि आयएफएससी. मग खात्यात एक रुपया आला. मला वाटलं झालं, बोणी झाली! मुलगा म्हणाला थांब गो. तो एक रुपया उगाच टाकत नाहीत, खातं खरंच आहे काय आणि ते कुणाच्या नावावर आहे हे बँकेकडनं त्यांना त्या रुपयासोबत परत कळतं, आणि ते नाव पॅनवरच्या नावाशी ताडून बघतात. दोन मिनिटांत लाल अक्षरात आलं, नाव जुळत नाही.

बँकेत माझं नाव सासरचं. आधारवर सासरचं. पॅन काढलं होतं लग्नाच्या आधी, शिवणाच्या क्लासमध्ये शिकवायचे तेव्हा, त्यावर माहेरचं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. आमच्याकडे लग्नात मधलं नाव आणि आडनाव तर बदलतंच, वर पहिलंसुद्धा बदलतात, माझंही बदललं. म्हणजे पॅनवरची बाई आणि बँकेतली बाई ह्यांच्यात एक अक्षर सारखं नाही! मशीननं तरी काय करायचं.

मुलगा म्हणाला थांब, हे आधारला लिंक आहे काय बघू. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन न करताच Link Aadhaar Status म्हणून बघता येतं, पॅन आणि आधार नंबर टाकायचा. लिंक नाही. कसं असेल, नावं जुळल्याशिवाय लिंक होत नाही, आणि २०२३च्या ३० जूनपर्यंत ज्यांनी केलं नाही त्यांचं पॅन जुलैपासून निष्क्रिय. मी इन्कम टॅक्स कधी भरलाच नाही, माझी तेवढी कमाईच नाही, त्यामुळे पॅन कपाटात लग्नाच्या अल्बमखाली पडून होतं आणि ते दीड वर्षापासून बंद आहे हे मला कुणी सांगायलाच नव्हतं. उद्यमचंही करून बघितलं त्याच रात्री, udyamregistration.gov.in वर, ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा. पण तिथंही आधारनंतर पॅन तपासतात. तिथंच अडकलं.

झोप नाही लागली त्या रात्री. रागसुद्धा कुणावर काढायचा. नवऱ्यावर काढला थोडा, नाव बदलायची हौस तुमच्या घरची म्हणून.

आता क्रम महत्त्वाचा. आधी १००० रुपये दंड भरून लिंक करायला गेलो असतो तर नाव जुळत नाही म्हणून परत अडलं असतं. म्हणून आधी पॅनवरचं नाव बदलायचं, ते इन्कम टॅक्सच्या रेकॉर्डला लागलं की दंड, मग लिंक, मग क्यूआर. आधारवर माहेरचं नाव करून घ्यायचा सल्ला एका हुशार माणसानं दिला होता, तसं केलं असतं तर बँक, रेशन कार्ड, सगळंच उलटं पडलं असतं. ज्या कागदावर नाव वेगळं आहे तो एकच कागद बदलायचा, तो एक कुठला ते आधी सगळे कागद टेबलावर मांडून बघा.

१३ तारखेला डिचोलीत सायबर कॅफेत गेले. पॅन दुरुस्तीचा फॉर्म ऑनलाइन भरतात, पॅनचा नंबर तोच राहतो, नाव तेवढं बदलतं. फी १०७ रुपये, कॅफेवाल्याचे १००. लग्नामुळे नाव बदललं तर पुरावा म्हणून लग्नाचा दाखला, नाहीतर लग्नपत्रिका, नाहीतर नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट, असं त्या फॉर्मच्या सूचनांतच लिहिलेलं होतं. लग्नपत्रिका चालते हे वाचून मला हसू आलं, वीस वर्षांपूर्वीची पत्रिका कोण ठेवतं? माझ्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडचा दाखला होता, गोव्यात लग्नाची नोंदणी करावीच लागते, तो उपयोगी पडला.

एक अडचण आली ती ओटीपीची. सही आधारवरनं करायची होती, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो, आणि माझ्या आधारला ह्यांचा नंबर. हे तेव्हा साखळीला कामावर. कॅफेतनं फोन, "ओ, मेसेज आला काय बघा," ते म्हणाले चष्मा नाही जवळ, तोपर्यंत ओटीपी संपला. दुसऱ्यांदा मागवला तेव्हा बाजूच्या माणसाकडनं वाचून घेतला. ओटीपी असा कुणाकडनं वाचून घेऊ नये हे मलाही कळतं, पण काय करणार. आधारचा मोबाईल नंबर तेव्हा घरबसल्या बदलत नव्हता, आधार केंद्रावरच जावं लागायचं, ते काम मी अजून केलेलं नाही, करायचंय. तुम्ही जाणार असाल तर ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो मोबाईल आणि ज्याचा आहे तो माणूस, दोन्ही बरोबर न्या.

मग थांबायचं. १४ला बाजार, २१ला बाजार, तोच मुलाचा क्यूआर, तेच "आले काय रे". २७ फेब्रुवारीला ईमेलवर ई-पॅन आलं. नवं नाव! कार्ड पोस्टानं यायला आणखी दहाएक दिवस लागले पण ई-पॅन तेवढंच ग्राह्य असतं, कार्डाची वाट बघू नका.

२८ला बाजार करून रात्री १००० रुपये भरले. ह्याच्यात चुकायला जागा आहे. इन्कम टॅक्सच्या साइटवर e-Pay Tax मध्ये जायचं, तिथं प्रकार Other Receipts निवडायचा, मग हजार रुपये तिथं आपोआप भरलेले दिसतात. आकडा आपला आपण टाकायची वेळ आली तर समजा कुठेतरी चुकीच्या जागी आलात, मागे फिरा. आमच्या गटातल्या एकीनं दुसऱ्याच रकान्यात भरले होते, ते दंडाला धरलेच नाहीत. पैसे भरल्या भरल्या लिंक करायला गेलो तर पेमेंट सापडत नाही म्हणे. घाबरून परत भरू नका, दिसायला काही दिवस जातात. मध्ये कार्निव्हल, मुलगा मित्रांबरोबर पणजीला, कोण बसतंय लॅपटॉपवर. बुधवारी ५ मार्चला परत बघितलं, पेमेंट दिसलं, लिंकचा अर्ज टाकला, ७ तारखेला लिंक झाल्याचं दिसलं. हजार रुपये म्हणजे माझ्याकडचे किती पापड हे मी मोजलं होतं, इथं लिहीत नाही, परत त्रास होतो.

८ मार्चला शनिवारी अ‍ॅपमध्ये परत अर्ज. परत एक रुपया आला. ह्या वेळी हिरवं. धंद्याच्या प्रकारात आम्ही किराणा आणि खाद्यपदार्थ असं निवडलं. पुढच्या पानावर दुकानाचा फोटो. तोही बाजारातला होता मोबाईलमध्ये, टाकला. मग आलं की आमचा प्रतिनिधी जागेवर येऊन तपासणी करेल.

मंगळवारी ११ तारखेला दुपारी फोन. मी घरी चुलीवर मसाला भाजत होते.

"मॅडम, मी तुमच्या शॉपवर आहे. शॉप कुठे आहे?"

मी म्हटलं, "बाबा, आज मंगळवार."

"हो मॅडम, पण शॉप?"

"शॉप शुक्रवारी असतं रे!"

तो पुण्याकडचा नवा पोरगा, त्याला काय माहीत शुक्रवारचा बाजार. माझ्या जागेवर त्या दिवशी एक स्कूटर उभी होती म्हणाला. तपासणी म्हणजे तो तिथं उभा राहून त्याच्या अ‍ॅपमधनं फोटो काढतो आणि त्या फोटोला जागेचं लोकेशन आपोआप लागतं, घरी येऊन काढला तर लोकेशन डिचोलीचं लागेल आणि अर्जात पत्ता म्हापशाचा, मग रिजेक्ट. त्यामुळे शुक्रवारशिवाय इलाज नाही. पुढचा शुक्रवार १४ मार्च, म्हणजे होळी, त्याची सुट्टी, बाजारही अर्धाच. म्हणजे २१. माझ्यासारखं आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्यांनी अर्ज बुधवारी गुरुवारी टाकावा आणि फोन आला की पहिलं वाक्य हेच सांगावं की कुठल्या वारी, किती वाजता, कुणाच्या बाजूला. मी त्याला केळीवाल्या बायची खूण दिली.

२१ला साडेदहाला आला, बाजार अगदी भरात. त्यानं फोटो काढले, एक मालासकट माझा, एक जागेचा, फूड रजिस्ट्रेशनचा, पॅनचा. आधारची झेरॉक्स मागितली ती मी दिली पण त्यावर आधीच पेनानं लिहून आणलं होतं, "फक्त क्यूआर कोडसाठी" आणि तारीख, खाली सही. आणि झेरॉक्स मास्क केलेल्या आधारची होती, आधारच्या साइटवरनं ते डाउनलोड होतं, त्यात नंबरचे शेवटचे चार आकडेच दिसतात. पोरगा काही बोलला नाही, घेतलं. मग त्यानं माझा मोबाईल हातात मागितला, मॅडम मी करून देतो म्हणून. इथं मी नाही म्हटलं. तो वाईट होता असं नाही, पण बँकेतल्या मॅडमनी बजावलं होतं, ओटीपीचा मेसेज आधी पूर्ण वाचायचा, कशासाठी आलाय ते त्यात लिहिलेलं असतं, आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, कुणी क्यूआर सुरू करायला पिन टाका म्हटलं तर उठायचं. त्यानं पिन मागितला नाही. मी वाचून दाखवलं, त्यानं टाकलं, मागे एक बाई अर्धा किलो सोलं धरून उभी, तिला म्हटलं थांब गो दोन मिनिटं, आयुष्याचं काम चाललंय.

त्याच्या बॅगेत क्यूआरचे छापील स्टिकर तयारच असतात, कुणाच्याच नावाचे नसलेले. त्यातला एक काढला, त्याच्या मोबाईलनं स्कॅन केला, माझ्या खात्याला जोडला, झालं. पण लगेच वापरू नका म्हणाला, कागद आत तपासतात, दोन तीन दिवस. मग आवाजाचा डबा घ्या म्हणून मागे लागला. भाडं महिना १२५ रुपये. मी घेतला, कारण माझे हात कायम तिखटाचे, मोबाईल उघडून कोण बघणार. पण हे भाडं आपोआप कापून जातं, विकलं काय नाही काय, हे मी तीनदा विचारल्यावर त्यानं सांगितलं. पावसात मी दोन अडीच महिने बसतच नाही नीट, तेव्हा डबा परत करता येतो काय तेही तिथंच विचारून घेतलं, येतो म्हणाला, बघू. डब्यात त्याचं स्वतःचं सिम असतं, वायफाय लागत नाही. भाषा मराठी लावून घेतली.

सोमवारी २४ला मेसेज आला, चालू. घरीच मुलाला एक रुपया टाकायला लावला. स्वयंपाकघरात डबा बोलला, मांजर पळालं.

२८ मार्च, पाडव्याच्या आधीचा शुक्रवार. स्टिकर एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मधल्या बरणीला बांधला. त्या दिवशी ३४ पेमेंटं आली, ६,८७० रुपये, मी वहीतही लिहिलं आणि अ‍ॅपमध्येही तेवढंच. दोडामार्गकडची एक मुलगी क्रेडिट कार्डानं देऊन गेली, साडेतीनशे, सरळ झालं, मला काही कापलं नाही. लहान व्यापाऱ्याला दोन हजारापर्यंत रुपे क्रेडिट कार्डाच्या यूपीआयला कट नसतो, आणि बँक खात्यातनं आलेल्या साध्या यूपीआयला तर कितीही असो, काहीच नसतो. दुपारी ऐन गर्दीत नेटवर्क बसलं तेव्हा डबा गप्प झाला, पैसे मात्र येत होते, पाच मिनिटांनी त्यानं तीन रकमा एका दमात सांगितल्या, आणि तोपर्यंत दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयानं बघत उभी. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर भरवसा न ठेवता आपल्या अ‍ॅपमध्ये यादी बघायची, तिथं नाव आणि वेळ येते.

एक झटका बसला तो पैशांचा. माझी सवय अशी की बाजार उठला की तिथंच घाऊकवाल्याकडनं पुढच्या आठवड्याची मिरची घ्यायची. अ‍ॅपमध्ये ६,८७० दिसतात, बँकेत शून्य. माझ्या क्यूआरचे पैसे अ‍ॅपवाल्यांकडे जमतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम खात्यात पडतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. बँकेचा स्वतःचा क्यूआर असतो त्यात लगेच येतात म्हणे. मिरची उधारीवर घेतली, तो ओळखीचा म्हणून. शनिवारी सकाळी सात वाजून काही मिनिटांनी पूर्ण ६,८७० आले, एक पैसा कमी नाही. आता शुक्रवारी निघताना मिरचीपुरती कॅश वेगळी बांधून नेते.

खर्च विचारतात म्हणून सांगते, पॅन दुरुस्ती १०७, कॅफे १००, दंड १०००, झेरॉक्स आणि फोटो ४०, डब्याचं पहिलं भाडं १२५, सगळे मिळून १३७२. त्यात क्यूआरचे शून्य. कुणी क्यूआर काढायचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणखी एक सवय लावून घेतलीय, सकाळी पोतं अंथरलं की पहिल्यांदा आपलाच स्टिकर मोबाईलनं स्कॅन करून नाव बघायचं, कारण वरनं दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून जातात असं ऐकलंय. ४ एप्रिलला तसं केलं, माझंच नाव आलं, निर्धास्त बसले. अकराच्या सुमारास एक माणूस स्कॅन करून गेला, डबा बोलला नाही. नेटवर्क असेल म्हटलं. परत एक बाई, परत डबा गप्प. अ‍ॅपमध्ये बघितलं, काहीच नाही. पोटात गोळा आला. तेवढ्यात वेर्ण्याहून फोन.

"आई, दोनशे तीस आले, मग नव्वद. कुणाचे?"

पापडांच्या डब्याच्या झाकणाला त्याचा जुना क्यूआर अजून तसाच चिकटलेला होता.